“दर वर्षी गॅस भरावा लागतो का?” : एसी सर्व्हिसिंगच्या प्रश्नोत्तरांचा कॅरूसेल कसा लिहावा

“पुण्यात माझा एसी दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचा छोटा व्यवसाय आहे, मी आणि हाताखाली दोन मुलं. उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर तेच तेच प्रश्न येतात. एका स्लाइडला एक उत्तर असा कॅरूसेल इन्स्टाग्रामवर करायचा आहे. पंधरा प्रश्न काढलेत. सगळे घ्यावेत का? रेट टाकावेत का? आधी एक केला होता, पण तो पाहूनही लोक तेच विचारतात.”

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. मी गेली बरीच वर्षे छोट्या सेवा व्यवसायांसाठी असा मजकूर लिहितो. पोस्ट पाहूनही लोक तोच प्रश्न विचारतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी उत्तर वाचलेले असते; मात्र जी शंका मनात होती तिचे उत्तर त्यांना तिथे मिळालेले नसते. “गॅस भरायला किती लागतील?” असे विचारणाऱ्या ग्राहकाला रक्कम हवी असतेच, परंतु त्या प्रश्नाखाली दुसरा एक प्रश्न असतो: मागच्या वर्षीच गॅस भरला होता, मग हा माणूस पुन्हा का भरायला सांगतो आहे, आणि मी फसवला तर जात नाही ना? स्लाइडने केवळ वरच्या प्रश्नाचे गोलमोल उत्तर दिले, तर खालचा प्रश्न तसाच राहतो आणि ग्राहक पुन्हा फोन उचलतो.

नाशिकच्या एका एसी सर्व्हिसिंगवाल्यांसाठी मी दोन उन्हाळ्यांपूर्वी हेच काम केले. त्यांचीही तीन माणसांचीच टोळी होती आणि त्यांनीही पंधराच्या आसपास प्रश्न काढून ठेवले होते, म्हणून त्याच कामाच्या आधाराने सांगतो. तुमचे दर, तुमचा भाग आणि तुमच्या कामाची पद्धत निराळी असेल, तेव्हा मजकूर जसाच्या तसा उचलू नका.

पहिली गोष्ट, प्रश्न आठवून लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅप उघडून वेचा. नाशिकच्या यादीत “आपल्या सेवेची वैशिष्ट्ये कोणती?” असा एक प्रश्न होता. असे कोणताही ग्राहक कधी विचारत नाही. ते मालकाला सांगायचे असते, म्हणून त्याने स्वतःच प्रश्न तयार केलेला असतो. आम्ही मागील एप्रिल आणि मे या दोन महिन्यांतील संदेश वाचले आणि ग्राहकाचे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले. फोनवर विचारलेले प्रश्न मात्र असे सापडत नाहीत. त्यासाठी आठवडाभर वही फोनजवळ ठेवून प्रत्येक कॉलनंतर एक ओळ लिहायला सांगितली. वहीत पहिल्याच दिवशी जे उतरले ते असे होते: “एसी चालू आहे पण गार हवा येत नाही, गॅस संपलाय वाटतं.” “आतल्या युनिटमधून पाणी गळतंय भिंतीवर.” “नुसतं बघायला आलात तर पैसे लागतात का?” “आमचा अजून वॉरंटीत आहे, तुम्ही उघडला तर चालेल का?” या वाक्यांत ग्राहकाची चूक समजूत, भीती आणि बोलण्याची पद्धत, तिन्ही गोष्टी आहेत. स्लाइडवर मथळा म्हणून हीच वाक्ये घ्यावीत. “रेफ्रिजरंट रिचार्जविषयी माहिती” असा मथळा दिला, तर आपल्या घरातला प्रश्न तो हाच, हे ग्राहकाला ओळखूच येत नाही.

वेचून झाल्यावर पंधरातले काही प्रश्न आपोआप एकमेकांत मिसळतात. “गॅस कधी भरायचा”, “दर वर्षी भरायचा का” आणि “मागच्या वर्षी भरला, परत कसा संपला” हा एकच प्रश्न आहे. काही प्रश्न वर्षातून दोनदा येतात, त्यांना स्लाइड देण्याचे कारण नाही. काहींचे खरे उत्तर घरी येऊन पाहिल्याशिवाय देताच येत नाही, उदाहरणार्थ “पीसीबी गेलाय का?”. असे प्रश्नही वगळावेत, कारण त्यांच्या स्लाइडवर “तपासून सांगू” याखेरीज काही लिहिता येत नाही आणि असे एक उत्तर वाचले की वाचणारा पुढच्या स्लाइडवर जात नाही. नाशिकला शेवटी सात प्रश्न उरले. इन्स्टाग्राम आता एका कॅरूसेलमध्ये २० चित्रे घेऊ देते, पण म्हणून २० भरायची गरज नाही. सात प्रश्न आणि शेवटची एक संपर्काची स्लाइड, एवढे पुरते. उरलेल्यांपैकी चार-पाच प्रश्न खरोखर वारंवार येत असतील, तर त्यांचा पावसाळ्यापूर्वी दुसरा कॅरूसेल करावा.

आता गॅसच्या स्लाइडकडे येतो, कारण एसीच्या धंद्यात सर्वाधिक अविश्वास तिथे आहे आणि उत्तर कसे लिहावे हे तिच्यावरूनच चांगले कळते. त्यांच्या जुन्या पोस्टवर असे लिहिले होते:

> प्र. एसीमध्ये गॅस किती दिवसांनी भरावा?
> उ. गॅसचे प्रमाण वापरानुसार बदलू शकते. आमचे अनुभवी तंत्रज्ञ तपासणी करून योग्य तो सल्ला देतील. आजच संपर्क साधा!

हे वाचून ग्राहकाला काहीही कळत नाही. शिवाय “वापरानुसार बदलू शकते” हे चूक आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो कॉम्प्रेसर, आउटडोअर कॉइल आणि इनडोअर कॉइल यांच्या बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी निसटला आहे. फ्लेअर नटाची जोडणी सैल असेल, वेल्डिंगचा सांधा गेला असेल किंवा कॉइलला बारीक छिद्र पडले असेल. नाला किंवा उघडे गटार जवळ असलेल्या इमारतींत हवेतल्या वायूंमुळे तांब्याची कॉइल लवकर खाल्ली जाते, हे तुम्हीही पाहिले असेल. ते छिद्र न शोधता नुसता गॅस भरला, तर काही दिवस किंवा काही महिने गारवा येतो आणि पुन्हा तेच होते. ग्राहकाला आलेला वाईट अनुभव नेमका हाच असतो. आम्ही नवी स्लाइड अशी लिहिली:

> “दर वर्षी गॅस भरावा लागतो का?”
> नाही. एसीतला गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी लीकेज आहे. आम्ही आधी लीकेज शोधतो, ते बंद करतो आणि मगच गॅस भरतो. लीकेज सापडले नाही, तर तसे सांगतो आणि तुम्हाला विचारूनच पुढचे काम करतो.

पहिला शब्दच उत्तर आहे. त्यानंतर एका वाक्यात कारण येते, मग आपण काय करतो ते, आणि शेवटी आपल्या उत्तराची मर्यादा. मर्यादेचे ते शेवटचे वाक्य घालायला मालक आधी तयार नव्हते. लीकेज सापडले नाही असे लिहिले तर आपण कच्चे वाटू, असे त्यांचे म्हणणे होते. पण फार बारीक लीकेज साबणाच्या पाण्याने दिसत नाही आणि नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायला वेळ लागतो, हे त्यांनीच मला समजावले होते. ज्या गोष्टीवरून ग्राहकाच्या घरी वाद होतात ती गोष्ट आधीच लिहून ठेवली, की तिथे गेलेल्या मुलाला वाद घालावा लागत नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो. “लीकेज बंद करून मगच गॅस भरतो” हे वाक्य लिहिण्याआधी, तुमचे दोन्ही कारागीर प्रत्येक वेळी खरोखर तसे करतात का ते पाहा. मे महिन्यात दिवसाला आठ-आठ कॉल असताना व्हॅक्यूम पंप न लावता गॅस सोडणे किंवा लीकेज न पाहता टॉप-अप करून निघणे असे प्रकार या धंद्यात होतात. स्लाइडवर लिहिलेले एक आणि घरी घडलेले दुसरे, असे झाले तर ग्राहक तीच स्लाइड तुम्हाला परत पाठवतो, आणि तेव्हा सांगण्यासारखे काही हातात राहत नाही. नाशिकला व्हिजिट चार्जच्या स्लाइडवर आमचे काम तीन दिवस अडले ते याचसाठी. मजकूर लिहायला बसल्यावर लक्षात आले की एक मुलगा काम केले तर व्हिजिट चार्ज सोडून देत होता आणि दुसरा बिलात वेगळा लावत होता. मालकांनाही हे नीट ठाऊक नव्हते. आधी तिघांनी बसून एक नियम ठरवला, मग स्लाइड लिहिली:

> “नुसतं बघायला आलात तर पैसे लागतात का?”
> हो, तपासणीचे पैसे लागतात. काम आमच्याकडूनच करून घेतले, तर ते बिलातून वजा होतात. तपासल्यावर काय बिघडले आहे आणि किती खर्च येईल ते आधी सांगतो. तुम्ही होकार दिल्याशिवाय काम सुरू करत नाही.

यात रक्कम नाही हे तुमच्या लक्षात आले असेल, आणि तुमचा दुसरा प्रश्न रेटांविषयीच आहे. माझे मत असे की नियम स्लाइडवर लिहावा आणि आकडा कॅप्शनमध्ये. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यावर कॅप्शन केव्हाही बदलता येते, परंतु चित्रावर छापलेला आकडा बदलता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की लोक स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, आणि तिथे तो वर्षानुवर्षे फिरतो. माझ्याच एका जुन्या कामात मी सोफा क्लीनिंगवाल्यांच्या स्लाइडवर दर मोठ्या अक्षरांत छापला होता. दर वाढल्यानंतर पुढच्या दिवाळीत एका सोसायटीतून चार घरांची मागणी त्या जुन्या चित्रासकट आली, आणि त्यांना जुन्या दरातच काम करावे लागले. चूक माझी होती. तेव्हापासून आकडा छापायचाच असेल, तर मी त्याच ओळीत “३१ मेपर्यंत” अशी मुदत घालतो, वर्षासह. तुमच्याकडे साध्या वेट सर्व्हिसिंगचा दर हंगामभर ठरलेला असेल, तर अशी मुदत घालून तो छापायला हरकत नाही. गॅसचा दर मात्र छापू नये, कारण तो एक आकडा नसतोच. त्या प्रश्नाची स्लाइड आम्ही अशी केली:

> “गॅस भरायला किती लागतील?”
> रक्कम तीन गोष्टींवर ठरते: गॅसचा प्रकार, एसीचे मॉडेल आणि लीकेज कुठे आहे. पहिल्या दोन गोष्टी आउटडोअर युनिटच्या लेबलवर असतात. त्याचा फोटो पाठवा, गॅसचा खर्च लगेच सांगतो. लीकेज काढण्याचा खर्च पाहिल्यावर, पण काम सुरू करण्याआधी सांगतो.

“पाहून सांगू” आणि हे उत्तर यांतला फरक पाहा. रक्कम दोन्हीकडे नाही. पण इथे ती कशावर ठरते हे कळते आणि त्यातला कोणता भाग आत्ता कळू शकतो व कोणता नंतर, हेही कळते. ग्राहकाच्या हाताला एक सोपे काम मिळते. आउटडोअरच्या लेबलवर गॅसचे नाव, म्हणजे आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२, आणि किती ग्रॅम गॅस बसतो तेही छापलेले असते. तो फोटो आला की तुम्हाला एका नजरेत सांगता येते, आणि तुमचा मुलगा योग्य सिलिंडर घेऊन निघतो. आउटडोअर खिडकीबाहेर अवघड जागी असेल, तर ग्राहकाने वाकून फोटो काढू नये. म्हणून त्या ओळीखाली “हात पोहोचत नसेल तर इनडोअरच्या लेबलचा फोटो चालेल” असे आम्ही नंतर जोडले. मॉडेल क्रमांकावरून बाकीचे शोधता येते. ही भर एका आजोबांच्या फोनमुळे सुचली, ते चौथ्या मजल्यावर ग्रिलमधून हात घालून फोटो काढायला निघाले होते.

एका स्लाइडवर एकच उत्तर, हा तुमचा निर्णय बरोबर आहे, आणि त्याचे कारण स्क्रीनशॉटचे ते फिरणेच आहे. तुम्ही आठ स्लाइड ओळीने लावता, पण ग्राहकापर्यंत त्यातली एकच स्लाइड पोहोचण्याची शक्यता मोठी असते. शेजारीण शेजारणीला गॅसची तेवढी स्लाइड पाठवते. शिवाय एखाद्याने पहिली स्लाइड पाहून बोट पुढे सरकवले, तर इन्स्टाग्राम कधीकधी नंतर तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवते. म्हणून “वर सांगितल्याप्रमाणे”, “पुढील स्लाइड पाहा” अशी वाक्ये उत्तरात येऊ देऊ नका. प्रत्येक स्लाइडच्या तळाशी व्यवसायाचे नाव, भाग आणि फोन क्रमांक लहान अक्षरांत असू द्या. स्लाइड एकटी सापडली तरी ती कोणाची आहे हे कळले पाहिजे.

याच कारणाने पहिली स्लाइड “नेहमी विचारले जाणारे प्रश्न” अशा मुखपृष्ठावर वाया घालवू नये. नाशिकच्या कॅरूसेलची पहिली स्लाइड म्हणजे “दर वर्षी गॅस भरावा लागतो का?” हा प्रश्न मोठ्या अक्षरांत, आणि खाली उत्तरासह. पुष्कळ जण पहिल्या स्लाइडवर फक्त प्रश्न ठेवून उत्तर दुसरीवर लपवतात. मला ते पटत नाही, कारण ज्याला गरज आहे त्याला उत्तर लगेच मिळाले तरच हे लोक सरळ बोलतात असे वाटून तो पुढे जातो. यावर दुमत असू शकते. नुसती मनोरंजनाची पोस्ट असती तर मीही कदाचित लपवले असते.

पुढचा क्रम ग्राहकाच्या गरजेप्रमाणे लागतो. गॅसच्या दोन स्लाइडनंतर आम्ही गारवा कमी होण्याची स्लाइड घेतली, कारण “गॅस संपलाय वाटतं” म्हणणाऱ्या अनेकांच्या घरी फक्त जाळी धुळीने बंद झालेली असते. त्या स्लाइडवर आधी फिल्टर काढून साध्या पाण्याने धुवा, वाळवून बसवा, थोडा वेळ चालवून पाहा, आणि तरीही फरक नसेल किंवा नळीवर बर्फ दिसत असेल तर एसी बंद करून आम्हाला कळवा, असे लिहिले. मालकांना भीती वाटली की यामुळे कॉल कमी होतील. काही कमी झालेही, पण ते असे कॉल होते जिथे मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जाळी धुऊन परत येई आणि व्हिजिट चार्जवरून कुरबूर होई.

पाणी गळण्याच्या स्लाइडमध्ये पहिले वाक्य कृतीचे असावे, कारण वाचणाऱ्याची भिंत त्या क्षणी भिजत असते:

> “आतल्या युनिटमधून पाणी गळतंय.”
> एसी बंद करा आणि खाली बादली ठेवा. बहुतेक वेळा पाणी बाहेर नेणारी ड्रेनची नळी बुळबुळीत गाळाने तुंबलेली असते आणि ती सर्व्हिसिंगमध्ये साफ होते. आतल्या जाळीमागे बर्फ दिसला असेल, तर ते आम्हाला आवर्जून सांगा. मग कारण वेगळे असू शकते.

“बहुतेक वेळा” हे शब्द इथे जागेवर आहेत, कारण लगेच पुढे दुसरी शक्यता कशी ओळखायची ते सांगितले आहे. तशी खूण न देता “बहुतेक”, “साधारणतः”, “शक्यतो” असे शब्द आले, तर ते नुसती पळवाट होतात. मजकूर तपासताना मी असा प्रत्येक शब्द शोधतो आणि त्याच्या पुढे खूण किंवा अट आहे का ते पाहतो.

वॉरंटीच्या प्रश्नाला आम्ही सरळ उत्तर दिले: एसी वॉरंटीत असेल तर दुरुस्तीसाठी आधी कंपनीला फोन करा, कारण बाहेरच्या माणसाने युनिट उघडल्यावर कंपनी दावा नाकारू शकते, वॉरंटी कार्डवरच्या अटी वाचा किंवा आम्हाला फोटो पाठवा, आम्ही वाचून सांगतो. दोन-चार कामे यात जातात. पण वॉरंटी संपल्यावर तो ग्राहक कोणाला बोलावेल, याचा विचार करा.

उरलेली एक स्लाइड म्हणजे सर्व्हिसिंगला किती वेळ लागतो. तिच्यावर फार लिहिण्यासारखे नाही. फक्त “किती वेळ” या उत्तरात बेडवर प्लॅस्टिक टाकून, इनडोअरखाली पिशवी बांधून जेट पंपाने धुतो आणि घाण पाणी बादलीत घेतो, हे लिहा. विचारणाऱ्याला मिनिटांइतकीच खोली खराब होण्याची काळजी असते.

मांडणीविषयी थोडेच सांगतो, पण ते मराठीसाठी महत्त्वाचे आहे. चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचे घ्या आणि चारही बाजूंनी सुमारे १०० पिक्सेल मोकळे सोडा, कारण प्रोफाइलच्या जाळीत चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात. या मापात उत्तराची अक्षरे ४४ पिक्सेलपेक्षा लहान नकोत आणि प्रश्न ७० च्या आसपास असावा. असे केले की एका स्लाइडवर साधारण ४० ते ५० शब्दच मावतात, आणि तेवढेच असावेत. शब्द जास्त झाले तर अक्षर लहान करू नका, वाक्य काढा. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, अक्षराच्या दीडपट तरी ठेवावे लागते. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू नसेल तर जोडाक्षरे फुटतात. कोणताही फॉन्ट घेतला तरी आधी “दुसऱ्या”, “सर्व्हिसिंग” आणि “कॉम्प्रेसर” हे तीन शब्द त्यात टाइप करून पाहा. ऱ्या मोडला किंवा रफार भलत्याच अक्षरावर बसला, तर तो फॉन्ट किंवा ते सॉफ्टवेअर सोडून द्या. मुक्त आणि मोफत फॉन्टांपैकी मुक्ता हा मी नेहमी वापरतो. तो लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. तयार स्लाइड संगणकावर न तपासता स्वतःच्या फोनवर पाठवून, हात लांब करून, शक्यतो उन्हात वाचा. तुमचे ग्राहक ती बाल्कनीत उभे राहून वाचणार आहेत.

पुण्यात हिंदी आणि इंग्रजीतून विचारणारेही पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी त्याच स्लाइडवर दुसरी भाषा कोंबू नका, दोन्ही अर्धवट होतात. वेगळा संच करा, आणि तोही त्या ग्राहकांच्या संदेशांतून वाक्ये वेचूनच.

कॅरूसेल टाकल्यावर तो प्रोफाइलच्या वरच्या बाजूला पिन करा, नाहीतर दहा पोस्टनंतर तो कोणालाच सापडत नाही. कॅप्शनमध्ये सातही प्रश्न मजकूर म्हणून पुन्हा लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला ते शब्द सापडण्याची शक्यता वाढते. कॅप्शनमधल्या दुव्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. `wa.me/91` या शब्दांपुढे तुमचा दहा आकडी क्रमांक जोडून तयार होणारा दुवा बायोमध्ये ठेवा. आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये “क्विक रिप्लाय” ची सोय आहे तिचा उपयोग करा. प्रत्येक स्लाइडला एक खूण द्या, जसे `/gas`, `/pani`, `/visit`. ग्राहकाचा प्रश्न आला की ती खूण टाइप करून स्लाइड आणि तिच्यासोबत त्याच्या नावाने एक ओळ पाठवायची. नाशिकला खरा वेळ वाचला तो इथे. इन्स्टाग्राम न उघडणारे ग्राहकच तिथे जास्त होते, आणि त्यांना स्लाइड व्हॉट्सअ‍ॅपवरच मिळाली.

उपयोग झाला की नाही हे लाइक्सवरून कळत नाही. इन्साइट्समध्ये पोस्ट किती जणांनी जतन केली आणि किती जणांनी पुढे पाठवली हे पाहा. त्याहून खात्रीची जागा म्हणजे तुमची वही. टाकण्याआधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे, त्या सात प्रश्नांपुढे रोज काठ्या मारा. तुलना एकाच हंगामात करा. एप्रिलची जुलैशी केली तर पावसानेच कमी झालेले कॉल तुम्ही कॅरूसेलच्या नावावर टाकाल. प्रश्न पूर्ण बंद होण्याची वाट पाहू नका, तो बदलतो का ते पाहा. “गॅस भरायला किती?” याच्याऐवजी लेबलचा फोटो आणि “लीकेज बघायला कधी येता?” असा संदेश येऊ लागला, म्हणजे स्लाइड काम करते आहे. एखादा प्रश्न तसाच येत राहिला, तर विचारणाऱ्या दोघा-तिघांना ती स्लाइड पाठवून पुढे ते काय विचारतात ते वाचा. त्यांच्या पुढच्या प्रश्नातच तुमच्या उत्तरातली उणीव दिसते. व्हिजिट चार्जच्या स्लाइडनंतर तिथे “आणि दोन एसी असले तर दोनदा का?” असे येऊ लागले होते. “एका घराला एकदाच” ही ओळ जोडल्यावर ते थांबले.

शेवटच्या स्लाइडवर “धन्यवाद” किंवा “आजच संपर्क साधा” लिहू नका. तिथे संदेशात काय पाठवायचे ते लिहा: तुमचा भाग आणि मजला, एसी स्प्लिट आहे की विंडो, नेमके काय होते आहे, लेबलचा फोटो, आणि घरी कोणत्या वेळेत कोणी असेल. या पाच गोष्टी पहिल्याच संदेशात आल्या, तर तुमचे पुढचे सहा-सात उलटसुलट संदेश टळतात. फेब्रुवारीत, गर्दी सुरू होण्याआधी, आठही स्लाइड तिघांनी एकत्र बसून मोठ्याने वाचा. जे वाक्य आता खरे राहिलेले नाही त्या स्लाइडची नवी प्रत काढा, क्विक रिप्लायमधली जुनी बदला आणि नव्या हंगामासाठी कॅरूसेल पुन्हा टाका.